‘पुढील उपचारार्थ रवाना’

तालुक्याच्या गावातील रुग्णालयातून मोठ्या शहरातील रुग्णालयाकडे जेव्हा एखादा अत्यवस्थ रुग्ण हलविला जातो, तेव्हा त्याच्याबरोबर प्राणवायूची नळकांडी जातात, श्वसनयंत्र जाते, औषधांचे पंप जातात, चिंताक्रांत नातेवाईक जातात आणि एक कागदही जातो. या साऱ्या सामानात हा कागद वजनाने सर्वांत हलका असतो. आणि बहुधा तो लिहिलेलाही तितक्याच हलक्या हाताने असतो. ‘न्यूमोनियाचा रुग्ण, व्हेंटिलेटरवर आहे, रक्तदाबाचे औषध चालू, पुढील उपचारार्थ रवाना’, एवढ्या ओळीवर सही-शिक्का उमटला की पाठविणाऱ्याचे कर्तव्य संपले, असा समज रूढ झालेला आहे. या ओळीत असत्य असे काही नसते, परंतु रुग्णाला ज्याची गरज आहे असेही तिच्यात काही नसते. हे पत्र म्हणजे सुटकेचा दाखला नव्हे. तो चालू असलेल्या उपचाराचाच एक भाग आहे, आणि तो अपुरा राहिला तर उपचारच अपुरा राहतो, हे अजून पुरते मान्य झालेले दिसत नाही.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटू नये म्हणून एक उदाहरण कल्पून ते तपशिलाने तपासणे इष्ट ठरेल. कोकणातील भातशेती करणारा, पन्नाशीच्या आतबाहेरचा, मधुमेही असा एक शेतकरी आहे. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. ऐन पावसाळ्यात चार दिवस ताप अंगावर काढून तो सोमवारी रात्री धाप लागलेल्या अवस्थेत जवळच्या रुग्णालयात दाखल झाला. दोन्ही फुप्फुसे सुजेने व पाण्याने भरलेली, रक्तदाब उतरलेला. रात्रीच घशातून नळी घालून त्याला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. दोन दिवस तेथील डॉक्टरांनी शिकस्त केली. तथापि मूत्रपिंडाचे कामही मंदावू लागले आणि डायलिसिसची सोय तेथे नव्हती. म्हणून गुरुवारी पहाटे घाटमार्गे पाच तासांच्या अंतरावरील मोठ्या रुग्णालयात त्याला हलविण्याचे ठरले. निर्णय योग्यच होता. प्रश्न आहे तो त्याच्यासोबत काय लिहून पाठवायचे हा.

प्रथम श्वसनयंत्राचा विचार करावा. ‘व्हेंटिलेटरवर आहे’ हे शब्द ‘गाडी चालू आहे’ या शब्दांइतकेच मोघम आहेत. ती कोणत्या वेगाने व कोणत्या चढावर चालली आहे हे त्यावरून कळत नाही. यंत्र एका श्वासात किती हवा आत ढकलते, मिनिटाला किती श्वास देते, त्या हवेत प्राणवायूचे प्रमाण किती आणि श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसे मिटू नयेत म्हणून किती दाब शिल्लक ठेवते, हे चार आकडे मुळाशी असतात. या शेवटच्या दाबाला डॉक्टर मंडळी ‘पीप’ म्हणतात. या रुग्णाच्या बाबतीत एका श्वासाला ३७० मिलिलिटर हवा, मिनिटाला २४ श्वास, प्राणवायू ६० टक्के आणि पीप १२ सेंटिमीटर पाणी, असा मेळ दोन दिवसांच्या खटपटीनंतर बसलेला होता.

यातील ३७० हा आकडा कोठून आला? सुजलेल्या फुप्फुसाचा फार थोडा भाग हवा घेण्याजोगा उरलेला असतो, आणि त्यात अधिक हवा कोंबली तर तो निरोगी भागच ताणून फाटतो. २००० साली अमेरिकेतील ८६१ रुग्णांवरील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्या गटात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावले होते, तर ६ मिलिलिटर दिलेल्या गटात ३१ टक्के. तेव्हापासून कमी हवा देण्याचा दंडक जगभर स्वीकारला गेला. मात्र येथे ‘किलो’ म्हणजे रुग्णाचे प्रत्यक्ष वजन नव्हे. माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. ती उंचीच्या प्रमाणात असतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे या हिशेबापुरते वजन सुमारे साडेएकसष्ट किलो धरले जाते, आणि त्याच्या सहापटीने ३७० हा आकडा येतो. आता पत्रात उंचीही नाही आणि हा आकडाही नाही, अशी स्थिती समजा. नव्या रुग्णालयातील घाईत असलेला निवासी डॉक्टर खाटेवरच्या ८४ किलोच्या देहाकडे पाहून किलोमागे ८ मिलिलिटर या हिशेबाने यंत्र लावील, तर श्वासागणिक ६७० मिलिलिटर हवा आत जाईल. दोन दिवसांत जे फुप्फुस जपले, त्याला काही तासांत इजा होऊ लागेल. आणि गंमत अशी की, प्रारंभी पडद्यावर प्राणवायूचा आकडा सुधारलेलाही दिसेल.

पीपची गोष्ट याहून तातडीची. १२ च्या दाबाने उघडी राहिलेली फुप्फुसाची पुटकुळी ५ च्या दाबावर मिटते, आणि मिटलेली पुन्हा उघडण्यास बराच वेळ लागतो. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नळी जोडताना ती क्षणभर मोकळी सुटली तरी प्राणवायूची पातळी घसरू शकते. म्हणूनच जाणते डॉक्टर यंत्र बदलतेवेळी नळीला क्षणभर चिमटा लावतात. मग हा आकडाच न कळविल्यामुळे नव्या यंत्रावर पीप ५ राहिला, तर काय होईल हे सांगावयास नको. या चार आकड्यांच्या सोबतीला, त्याच वेळी घेतलेल्या रक्तातील वायूंच्या तपासणीचे निष्कर्ष आणि फुप्फुसावर पडणारा दाब लिहिला पाहिजे. या रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड काहीसा वाढलेला होता, आणि तो डॉक्टरांनी जाणूनबुजून वाढू दिलेला होता. कमी हवा देण्याची ती किंमत होती. हे कारण पत्रात नसेल तर नवा डॉक्टर ती ‘चूक’ दुरुस्त करावयास निघेल आणि दुरुस्तीच अपाय ठरेल. किंबहुना, आकड्यापेक्षाही आकड्यामागचा हेतू लिहिणे अधिक अगत्याचे आहे.

याच आकड्यांचा उपयोग प्रवासासाठीही होतो. ३७० मिलिलिटरचे २४ श्वास म्हणजे मिनिटाला सुमारे ९ लिटर हवा. वाटेत प्रकृती बिघडून शुद्ध प्राणवायू द्यावा लागेल असे धरून, आणि यंत्राच्या स्वतःच्या वापराचा एक लिटर मिळवून, मिनिटाला १० लिटरचा हिशेब येतो. पाच तासांचे ३,००० लिटर झाले. घाटात वाहतूक अडली तर हाताशी असावे म्हणून त्याच्या दुप्पट, म्हणजे ६,००० लिटर बरोबर हवेत. रुग्णवाहिकेतील लहान ‘बी’ नळकांडे साधारण १,५०० लिटरचे असते. या गतीने ते अडीच तासांत, म्हणजे नेमके अर्ध्या वाटेवर रिकामे होईल. मोठे ‘डी’ नळकांडे ७,००० लिटरच्या आसपासचे. कोणते घ्यावयाचे हे पत्र आधी लिहिले असेल तरच ठरविता येते. पत्र निघण्याच्या क्षणी नव्हे, निघण्यापूर्वी लिहावयाचे असते ते यासाठी. त्याचप्रमाणे रुग्णाला प्रवासी यंत्रावर पंधरा-वीस मिनिटे ठेवून, तो ते सोसतो की नाही हे अतिदक्षता विभागातच पाहावे आणि शेवटचे आकडे त्या यंत्रावरचे लिहावेत.

दुसरा विषय शरीरात घातलेल्या नळ्यांचा. या शेतकऱ्याच्या अंगावर चार महत्त्वाच्या नळ्या होत्या. पहिली श्वासाची, आठ क्रमांकाची, ओठापाशी २२ सेंटिमीटरच्या खुणेवर बांधलेली. ही खूण लिहून ठेवणे म्हणजे वायफळ टापटीप नव्हे. खड्ड्याखड्ड्यांतून गेलेल्या गाडीत ती नळी दोन-तीन सेंटिमीटर आत सरकली तर ती उजव्या फुप्फुसाच्या शाखेत उतरते आणि डावे फुप्फुस हवेवाचून राहते. बाहेर आली तर श्वासच तुटतो. पोचल्यावर खुणेचा आकडा २५ दिसला आणि पत्रात २२ असला, तर चुकीचा शोध एका दृष्टिक्षेपात लागतो. पत्रात काहीच नसेल तर २५ हाच योग्य आकडा समजला जाईल.

मानेतील शिरेत मंगळवारी दुपारी, सर्व निर्जंतुक काळजी घेऊन घातलेली तीन मार्गांची नळी होती. मांडीतील शिरेतही एक नळी होती. ती मात्र सोमवारी रात्री, जीव वाचविण्याच्या धावपळीत, पुरेशी स्वच्छता पाळता न येता घातलेली. अशी घाईत घातलेली नळी शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत काढावी असा वैद्यकीय संकेत आहे, कारण तीतून रक्तात जंतू शिरण्याचा धोका मोठा. प्रवासात दुसरा आधार म्हणून ती ठेवली असेल तर तसे लिहावे, आणि ‘पोचताच काढावी’ असेही लिहावे. ते न लिहिल्यास नव्या रुग्णालयाला दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. मग कधी धोक्याची नळी आठवडाभर राहते आणि दोन दिवसांनी आलेल्या नव्या तापाचे मूळ सापडत नाही. तर कधी चांगलीच नळी संशयाने उपटली जाते आणि रुग्णाच्या मानेत पुन्हा सुई जाते. चौथी नळी डाव्या मनगटातील धमनीत, रक्तदाब क्षणोक्षणी मोजण्यासाठी. ती औषध देण्याची नळी नव्हे, ही चिठ्ठी पत्रातही हवी आणि नळीवरही.

मानेतील नळीच्या कोणत्या मार्गातून नॉरअॅड्रेनॅलिन हे रक्तदाब टिकविणारे औषध जात आहे, हे नमूद करणे त्याहून महत्त्वाचे. त्या मार्गातून कोणी दुसरे इंजेक्शन जोराने दिले तर नळीत साचलेले औषध एकदम हृदयाकडे जाते, रक्तदाब अकस्मात उसळतो आणि मागोमाग कोसळतो. आणि औषधाची मात्रा? बहुतेक पत्रांत ‘ताशी ६ मिलिलिटर’ असे लिहिलेले आढळते. हा आकडा अर्थशून्य आहे. पन्नास मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध मिसळले असेल तर त्या गतीने मिनिटाला ८ मायक्रोग्रॅम औषध जाते. ८ मिलिग्रॅम मिसळले असेल तर १६. एका रुग्णालयाची मिसळण्याची रीत दुसऱ्या रुग्णालयाची असेलच असे नाही. नव्या परिचारिकेने आपल्या रीतीने नवी सिरिंज भरून गती तीच ठेवली, तर औषध दुप्पट होते किंवा निम्मे होते, आणि त्याचा परिणाम मिनिटांत दिसू लागतो. ‘मिनिटाला ८ मायक्रोग्रॅम, ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम’ एवढे सात-आठ शब्द हा सारा अनर्थ टाळतात.

तिसरा विषय प्रलंबित अहवालांचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. श्वसनयंत्राचे आकडे चुकले तरी नवा डॉक्टर कौशल्याने ते पुन्हा जुळवू शकेल. नळ्यांची परीक्षा डोळ्यांनी करता येईल. परंतु प्रयोगशाळेत मागे राहिलेला नमुना त्याला दिसत नाही, आणि तो घेतला होता हेही त्याला ठाऊक नसते. या शेतकऱ्याच्या रक्ताच्या दोन बाटल्या सोमवारी रात्री दहा वाजता, प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी, जंतूंच्या तपासणीसाठी घेतलेल्या होत्या. बुधवारी संध्याकाळी प्रयोगशाळेने कळविले की बाटलीत ग्राम-निगेटिव्ह दांडगोल जंतू वाढू लागले आहेत. नाव ठरावयास आणखी दोन दिवस लागतील. गुरुवारी पहाटे रुग्ण निघाला. शुक्रवारी संध्याकाळी नाव ठरले: बर्खोल्डेरिया स्यूडोमलाय, म्हणजेच मेलिऑयडोसिस हा रोग.

हा रोग नवा नाही. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ साली रंगून येथील रुग्णांवरून त्याचे पहिले वर्णन केले. त्याचे जंतू माती व चिखलपाण्यात असतात, पावसाळ्यात तो डोके वर काढतो, मधुमेही व भातशेतात राबणारी माणसे त्याला विशेष बळी पडतात, आणि भारताच्या पश्चिम किनारपट्टीवर तो आढळतो. न्यूमोनियावर सर्रास दिले जाणारे सेफ्ट्रियाक्सोन या जंतूवर भरवशाचे नाही. जेंटामायसिन तर बहुधा निरुपयोगीच. त्याला सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस द्यावे लागते, आणि त्यानंतर किमान तीन महिने तोंडाने दुसरे औषध. ते थांबविले तर रोग उलटतो. म्हणजे शुक्रवारच्या त्या अहवालावर रुग्णाचे आजचे औषध आणि पुढचे तीन महिने, दोन्ही अवलंबून होते. तो अहवाल मात्र जुन्या रुग्णालयाच्या कप्प्यात, ज्या खाटेवर आता दुसराच माणूस झोपला आहे त्या खाटेच्या नावे जाऊन पडणार होता.

नवे रुग्णालय स्वतः तपासणी करीलच, मग एवढे काय अडले, असे कोणी विचारील. तपासणी होईल हे खरे. परंतु तोवर रुग्णाच्या रक्तात तीन दिवसांचे प्रतिजैविक मुरलेले असेल. रोग बरा करण्याइतके ते समर्थ नसले तरी बाटलीतील जंतूंची वाढ दाबून टाकण्याइतके समर्थ असू शकते. सोमवारी रात्रीचा नमुना पुन्हा घेता येत नाही. शिवाय या जंतूची गल्लत ‘स्यूडोमोनास’ या त्याच्या भाऊबंदाशी वारंवार होते. संशय आधी कळविला तरच प्रयोगशाळा डोळ्यांत तेल घालून पाहते. म्हणून पत्रात ‘ब्लड कल्चर पाठविले’ एवढे पुरेसे नाही. नमुना कोणता, कधी घेतला, प्रतिजैविकापूर्वी की नंतर, नोंदवहीचा क्रमांक, आतापर्यंत काय कळले, अहवाल कधी अपेक्षित आहे आणि तो कोण कळविणार, इतके लिहिले पाहिजे. ‘भातशेती’ आणि ‘मधुमेह’ हे दोन साधे शब्दही लिहिले पाहिजेत. हे दोन शब्द आणि ‘ग्राम-निगेटिव्ह’ हा तिसरा एकत्र वाचणारा अनुभवी डॉक्टर शुक्रवारची वाट न पाहता गुरुवारी दुपारीच औषध बदलील. एका पत्राने मिळविलेले हे सव्वा-दीड दिवस अशा रोगात जीवनमरणाचे असतात.

या अपेक्षेविरुद्ध डॉक्टरांच्या बाजूने जे म्हटले जाते ते सर्वस्वी अनाठायी नाही. पहाटे चार वाजता एकच डॉक्टर, दहा खाटा, आणि दाराशी उभी रुग्णवाहिका. अशा वेळी लिहिणार कोण व केव्हा? त्यावर उत्तर असे की, विस्तृत निबंधाची अपेक्षाच नाही. छापील एक पान पुरे आहे; त्यात वर सांगितलेले रकाने असावेत, आणि अतिदक्षता विभागातील प्रत्येक रुग्णासाठी ते दररोज भरले जावे. मग हलविण्याच्या वेळी केवळ शेवटचे आकडे व वेळ घालावी लागेल. दुसरा युक्तिवाद फोनचा. वरिष्ठ डॉक्टरांनी फोनवर सर्व सांगितलेले असते, असे म्हणतात. फोन अवश्य करावा. तथापि पहाटे फोन घेणारा डॉक्टर दुपारी घरी गेलेला असतो, आणि ऐकलेल्या आकड्यांपैकी स्मरणात किती उरले याची शाश्वती नसते.

तिसरी अडचण उघडपणे कोणी बोलत नाही, परंतु तीच खरी आहे. जे लिहावे ते उद्या न्यायालयात आपल्याच विरुद्ध वाचले जाईल, ही ती भीती. म्हणून मांडीतील नळी ‘घाईत घातली’ असे कोणी लिहीत नाही. त्यातच नातेवाइकांनी सल्ल्याविरुद्ध रुग्ण नेला, किंवा बिलावरून वाद झाला, तर कागद आणखीच आखडता होतो. वस्तुतः मध्यरात्री जीव वाचविण्यासाठी घातलेली नळी हा अपराध नव्हे. ती तशी घातली हे दडविणे आणि त्यापायी रुग्णाला नवा संसर्ग होणे, हे मात्र अपराधाच्या जवळ जाते. आणि रुग्णाला कोण, कोणत्या रागाने घेऊन जात आहे, याचा त्याच्या फुप्फुसावरील दाबाशी काहीएक संबंध नाही.

कायद्याने याबाबत काही केलेच नाही असे नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमावलीनुसार रुग्णाने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. परंतु ज्याचा रक्तदाब दोन मिनिटांत कोसळू शकतो त्याच्या दृष्टीने ७२ तासांची मुदत कागदोपत्रीच राहते. अशा रुग्णाच्या बाबतीत कागद आधी आणि चाके मागून, हाच नियम हवा. त्याची एक प्रत नातेवाइकांच्या हाती असावी. पोचल्यावर सोबत गेलेल्या डॉक्टरने खाटेपाशी उभे राहून ते पान वाचून दाखवावे आणि नळीची खूण, पंपाची गती दोघांनी मिळून पडताळावी. आणि ज्याने तपासणी मागविली त्याचीच अहवाल पोचविण्याची जबाबदारी मानली जावी, मग रुग्ण कोठेही असो. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत रुग्णाच्या नावापुढे नव्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहिण्यास एक मिनिटही लागत नाही.

असे पत्र चमत्कार करील, असे मानण्याचे कारण नाही. त्यातील आकडे लिहिल्या क्षणापासून जुने होऊ लागतात, आणि घाट उतरेपर्यंत ते बदललेलेही असतील. म्हणूनच प्रत्येक आकड्यापुढे वेळ हवी आणि वाटेतील बदल खाली लिहिले गेले पाहिजेत. उत्तम पत्र असूनही तो शेतकरी वाचेलच असे कोणी सांगू शकणार नाही. परंतु दोन दिवस, दोन रात्री खपून डॉक्टरांनी त्याच्या देहाविषयी जे जाणून घेतले, ते घाटाच्या अलीकडेच राहून गेले आणि पलीकडे पहिल्या आकड्यापासून सारे पुन्हा सुरू झाले, तर त्याचा दोष रोगाकडे जाणार नाही. तो ‘पुढील उपचारार्थ रवाना’ या तीन शब्दांकडे जाईल.